आठवणीच्या कवितेसाठी पंतूम: आठ ओळींतून सोळा ओळी कशा उभ्या करायच्या

पंतूम हा चार-चार ओळींच्या कडव्यांचा काव्यप्रकार आहे. प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होऊन परत येते. शेवटच्या कडव्यात, सुरुवातीपासून बाजूला राहिलेल्या पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या आणि पहिल्या ओळीलाही जागा मिळते. त्यामुळे कविता ज्या ओळीने उघडते तिनेच मिटते, आणि कवितेतली प्रत्येक ओळ बरोबर दोनदा येते.

याचं मूळ मलय भाषेतल्या पंतुनमध्ये आहे. पंतुन म्हणजे चार ओळींचं तोंडी म्हटलं जाणारं पद. त्यातल्या पहिल्या दोन ओळी एखादं चित्र मांडतात आणि पुढच्या दोन मनातलं बोलतात. अशी पदं साखळीसारखी जोडायचीही रीत होती. विल्यम मार्सडेनच्या 1812 सालच्या मलय व्याकरणात असं एक साखळीपद छापलं गेलं. त्याचा फ्रेंच अनुवाद व्हिक्टर ह्यूगोने 1829 साली आपल्या एका काव्यसंग्रहाच्या टिपांत दिला, आणि तिथून हा प्रकार युरोपात ‘पंतूम’ या नावाने रुळला. मलय पंतुन आजही जिवंत आहे. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने 2020 साली त्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

मराठी वाचकाला परत येणारी ओळ नवी नाही. अभंगाचं ध्रुपद किंवा गाण्याचा मुखडा परत येतोच. पण ध्रुपद ठरलेल्या जागी येतं आणि आपण त्याची वाट पाहत असतो. पंतूममध्ये ओळ परतते तेव्हा तिची जागा बदललेली असते. आधी जिच्या मागे ती उभी होती ती ओळ गेलेली असते आणि नवीच ओळ शेजारी आलेली असते. आठवणही अशीच येते. प्रसंग तोच असतो, पण दरवेळी तो दुसऱ्या कशाला तरी जोडून आठवतो. म्हणून सरळ गोष्ट सांगायची असेल तर हा प्रकार आडवा येतो, आणि एखादी आठवण पुन्हा पुन्हा उलगडून पाहायची असेल तर उपयोगी पडतो.

आराखडा

नवशिक्याने चार कडव्यांपासून सुरुवात करावी. कडव्यांच्या दुप्पट वेगवेगळ्या ओळी लागतात, म्हणजे चार कडव्यांना आठ. ओळींना 1 ते 8 क्रमांक दिले तर मांडणी अशी होते:

पहिलं कडवं: 1, 2, 3, 4
दुसरं कडवं: 2, 5, 4, 6
तिसरं कडवं: 5, 7, 6, 8
चौथं कडवं: 7, 3, 8, 1

हा आराखडा कागदावर उतरवून समोर ठेवा. त्यात एक गोष्ट लगेच दिसेल. 2, 4, 5, 6, 7 आणि 8 या ओळी लागलीच पुढच्या कडव्यात परततात, पण 1 आणि 3 यांच्या दोन येण्यांमध्ये जवळजवळ सगळी कविता जाते. म्हणून सगळ्यांत मोठा अर्थबदल याच दोन ओळींना पेलायचा असतो. नवखा माणूस पहिली ओळ सुचली की तसाच पुढे लिहीत जातो आणि शेवटच्या कडव्यात अडकतो, कारण 3 आणि 1 तिथे बसतच नाहीत. त्यापेक्षा आधी 1 आणि 3 ठरवा, त्यांचे दोन अर्थ कागदावर लिहा, आणि मगच बाकीच्या सहा ओळींकडे वळा.

कच्चा माल

एक आठवण घेऊ. एक बाई रात्री पायमशीनवर लोकांचे कपडे शिवतात, आणि त्यांचं मूल तिथेच शेजारी झोपलेलं असतं. पुढे अनेक वर्षांनी, त्या गेल्यानंतर, तेच मूल मोठं होऊन त्या मशीनपाशी बसतं. दोन काळ आणि दोन माणसं असलेली आठवण पंतूमला सोयीची असते, कारण ओळीला एका काळातून दुसऱ्यात आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वाट मिळते.

आधी कविता लिहायची नाही. या आठवणीतल्या पंधरा-वीस साध्या गोष्टी गद्यात लिहून काढायच्या: आवाज, वस्तू, हातांच्या हालचाली. मशीनचा आवाज आणि तो थांबणं, चाक, पट्टा, बॉबिन, रीळ, मशीनचा खण, खडूच्या खुणा, मापांची वही, चष्मा, दिवा, सकाळी कपडे न्यायला येणारी गिऱ्हाइकं. भावना या यादीत घेऊ नका. ‘तिने आमच्यासाठी किती कष्ट केले’ ही ओळ पहिल्यांदा येते तेव्हा खरी वाटते, पण दुसऱ्यांदा आली की घोषणा होते. वस्तूंचं तसं होत नाही. रीळ दुसऱ्यांदा आलं की ते आता कुणाचं, असा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप येतो.

परतू शकणारी ओळ कशी ओळखायची

पंतूम बहुतेक वेळा इथेच फसतो. कच्च्या खर्ड्यातली पहिली ओळ समजा अशी आहे: ‘आई रात्री मशीनवर लोकांचे कपडे शिवायची’. यात काही चूक नाही. पण ती शेवटी परत आली तर नवं काय सांगेल? कोण, कधी, कुठे, काय, सगळं ती पहिल्याच वेळी सांगून मोकळी झाली आहे. तिच्यात दुसऱ्या अर्थाला जागाच उरलेली नाही.

आता ही पाहा: ‘मशीन थांबलं की मला जाग यायची’. पहिल्या कडव्यात ती लहान मुलाची सवय सांगते. आवाजात झोप लागायची आणि आवाज बंद झाला की मोडायची. हीच ओळ कवितेच्या अगदी शेवटी आली तर मशीन कायमचं थांबलेलं असतं, आणि ती जाग वेगळीच असते. शब्द एकही बदललेला नाही. ही आपली पहिली ओळ.

तिसऱ्या ओळीसाठी ‘कपडे सकाळी देऊन टाकायचे होते’ ही घेऊ. सुरुवातीला ते गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे आहेत, म्हणून रात्री काम चालू आहे. शेवटी त्या बाईंच्या जागेचा उल्लेख झाल्यावर हीच ओळ आली, की कपडे तिचे होतात. माणूस गेल्यावर कपडे देऊन टाकतात, हे वाचकाला सांगावं लागत नाही. ‘लोकांचे कपडे’ किंवा ‘गिऱ्हाइकांचे कपडे’ असं लिहिलं असतं तर हे दार बंद झालं असतं. एका षष्ठीच्या शब्दाने ओळ जखडली जाते, हे लक्षात ठेवावं.

मराठीत पंतूम लिहिणाऱ्याला व्याकरणाची एक मोठी मदत आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुधा कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याप्रमाणे नाही. ‘दोरा ओवला’ यातला ‘ओवला’ दोऱ्याचं लिंग दाखवतो, ओवणाऱ्याचं नाही. मी ओवला, तिने ओवला, त्याने ओवला, तिन्हींना रूप एकच. कर्ता गाळला की ओळ मोकळी होते आणि दोन वेगळ्या हातांत जाऊ शकते. ‘तू’चा अपवाद, कारण तिथे ‘ओवलास’ होतं. याउलट ‘बसली’, ‘उठला’, ‘झोपायची’ ही अकर्मक किंवा रीतिवाचक रूपं कर्त्याचं लिंग उघड करतात. ती मुद्दाम हवी असतील तरच वापरा. बसण्याचाच उल्लेख हवा असेल तर ‘बसून पाहिलं’ म्हणा. ‘बसून’ला लिंग नाही आणि ‘पाहिलं’ही बोलणाऱ्याविषयी काही सांगत नाही.

दुसरी काळजी ओळीच्या सुरुवातीची. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तेव्हा’, ‘त्यामुळे’ यांनी सुरू होणारी ओळ मागच्या ओळीला बांधलेली असते. मागची ओळ बदलली की ती लोंबकळते. एकदाच घडलेल्या तारखेचा किंवा नावाचा उल्लेखही टाळा. ‘त्या वर्षीच्या दिवाळीत’ असं म्हटलं की ओळ त्याच दिवाळीत राहते.

बाकीच्या ओळी आणि जोडकाम

आता 2 आणि 4. दुसऱ्या ओळीचा खर्डा समजा ‘सुई दिव्यापाशी धरून दोरा ओवला’ असा निघाला. वाचायला छान, पण चुकीचा. मशीनची सुई दांड्यात घट्ट बसवलेली असते, ती उचलून दिव्यापाशी धरता येत नाही. धरता येते ती हातशिलाईची सुई. आठवणीच्या कवितेत अशी चूक झाली की ज्याने मशीन पाहिलं आहे त्याचा विश्वास उडतो, आणि ओळ दोनदा येणार असल्याने तो दोनदा उडतो. म्हणून ‘दिवा जवळ ओढून सुईत दोरा ओवला’. चौथी ओळ ‘घरात कोणी काही बोललं नाही’. पहिल्या कडव्यात ती रात्रीची शांतता आहे.

दुसऱ्या कडव्यात 2 आणि 4 परत येतात, आणि त्यांच्यामध्ये नवी 5 बसते. नव्या ओळीचं काम फक्त पुढची माहिती देणं हे नाही. शेजारच्या जुन्या ओळींचा अर्थ तिने हलवला पाहिजे. 5 साठी ‘चष्म्याचा नंबर वाढला होता’ घेतली की दोन गोष्टी एकदम होतात. तिला आता सुईचं नाक दिसत नाही, तेव्हा दोरा ओवणारा हात बहुधा मुलाचा आहे. आणि ‘कोणी काही बोललं नाही’ ही शांतता आता रात्रीची राहत नाही. तिची नजर कमी होते आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. एका साध्या ओळीने दोन जुन्या ओळी फिरवल्या. एखादी 5 नंबरची ओळ असं काही करत नसेल तर ती कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवा.

इथेही ‘तिच्या चष्म्याचा’ लिहायचा मोह होतो. लिहू नका, कारण तिसऱ्या कडव्यात हाच चष्मा बोलणाऱ्याचा व्हायचा आहे. 6 म्हणून ‘नुसतं चाक फिरत राहिलं’. 7 मध्ये कवितेची कळ आहे: ‘तिच्या जागी बसून पाहिलं’. पूर्ण कवितेत ‘ती’ असा उल्लेख फक्त या ओळीत आहे, आणि ‘आई’ हा शब्द कुठेच नाही. 7 आल्यावर मागचा चष्मा आपला होतो, आणि ‘नुसतं चाक’ म्हणजे खाली कापड नसताना रिकामं फिरणारं चाक होतं.

8 चा पहिला खर्डा ‘खणात अर्धं रीळ उरलं होतं’ असा होता असं धरू. तो आराखड्यात बसवल्यावर दिसतं की 3 ‘होते’ने, 5 ‘होता’ने आणि 8 ‘होतं’ने संपते. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि ओळी दोनदा येत असल्याने तीन ओळींची शेपूट सहा वेळा ऐकू येते. कविता एकसुरी होण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. उपाय सोपा आहे. आठातल्या एक-दोन ओळी नामावर संपवा: ‘खणात उरलं अर्धं रीळ’. पूर्ण कविता अशी होते:

मशीन थांबलं की मला जाग यायची.
दिवा जवळ ओढून सुईत दोरा ओवला;
कपडे सकाळी देऊन टाकायचे होते.
घरात कोणी काही बोललं नाही.

दिवा जवळ ओढून सुईत दोरा ओवला.
चष्म्याचा नंबर वाढला होता,
घरात कोणी काही बोललं नाही;
नुसतं चाक फिरत राहिलं.

चष्म्याचा नंबर वाढला होता.
तिच्या जागी बसून पाहिलं:
नुसतं चाक फिरत राहिलं.
खणात उरलं अर्धं रीळ.

तिच्या जागी बसून पाहिलं.
कपडे सकाळी देऊन टाकायचे होते,
खणात उरलं अर्धं रीळ.
मशीन थांबलं की मला जाग यायची.

विरामचिन्हांकडे पाहा. दुसऱ्या कडव्यात 5 नंतर स्वल्पविराम आहे, म्हणून ती ‘कोणी काही बोललं नाही’ला चिकटते. तिसऱ्यात तिच्यानंतर पूर्णविराम आहे, म्हणून ती सुटी उभी राहते. ‘बसून पाहिलं’नंतर एकदा अपूर्णविराम आहे. तिथे पाहणं म्हणजे चाक पाहणं. दुसऱ्यांदा पूर्णविराम आहे, आणि तिथे बसून पाहणं एवढंच उरतं. शब्दांना हात लावण्याआधी नेहमी ही चिन्हं हलवून पाहा. शब्द बदलायचाच झाला तर एखाद्या प्रत्ययापुरता आणि पूर्ण कवितेत एक-दोनदाच बदला. त्याहून जास्त बदल झाला तर कान तीच ओळ ओळखत नाही, आणि ओळख पटली नाही तर बदललेला अर्थही जाणवत नाही.

ओळींची लांबी इथे 10 ते 16 अक्षरांची आहे आणि कविता मुक्तछंदात आहे. सुरुवातीला एवढी मोकळीक पुरे. यमक हवंच असेल तर हिशेब दिसतो तितका कठीण नाही. 1 आणि 3, 2 आणि 4, 5 आणि 6, 7 आणि 8 या जोड्या जुळवल्या की प्रत्येक कडव्यात पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी ओळ आपोआप जुळतात. चार जोड्यांत सगळं काम होतं. मात्र क्रियापदांच्या ‘लं’, ‘ली’, ‘ला’ यांना यमक समजू नका, ते मराठीत फुकट मिळतं आणि तसंच ऐकू येतं.

चिठ्ठ्यांवर तपासणी

आठ ओळी दोनदा लिहा, म्हणजे सोळा चिठ्ठ्या. पहिल्या येण्याच्या चिठ्ठ्या एका रंगाच्या शाईत, परतण्याच्या दुसऱ्या रंगात. त्या आराखड्याप्रमाणे मांडा. फोनवर लिहीत असाल तर परतणारी ओळ पुन्हा टंकू नका, नक्कल करून चिकटवा. नाहीतर नकळत एखादा शब्द इकडेतिकडे होतो आणि तो बदल मुद्दाम केलेला आहे की चुकून झाला हे पुढे तुम्हालाच कळत नाही.

मग प्रत्येक चिठ्ठीच्या मागे दोनच गोष्टी लिहा: इथे हे कोण करतं आहे, आणि हे कधीचं आहे. वरच्या कवितेत दोऱ्याच्या पहिल्या चिठ्ठीमागे ‘ती, रात्र’ येईल आणि दुसरीमागे ‘मूल, काही वर्षांनी’. चष्म्यामागे आधी ‘तिचा’, मग ‘माझा’. कपड्यांमागे आधी ‘गिऱ्हाइकांचे’, मग ‘तिचे’. आठपैकी निदान चार-पाच ओळींत काहीतरी बदललेलं हवं. सगळ्याच बदलायला हव्यात असं नाही. अर्धं रीळ दोन्ही वेळा तेच रीळ आहे आणि तसंच राहू द्यावं, कारण सगळंच हलत असेल तर वाचकाला धरायला काही उरत नाही. पण आठपैकी सहा ओळींमागे तेच उत्तर आलं तर तुमच्याकडे पंतूम नाही, दोनदा लिहिलेली कविता आहे. अशा वेळी परतणाऱ्या ओळींना दोष देण्याआधी 5 आणि 7 बदलून पाहा. दोष बहुतेक त्यांच्यातच असतो, शेजाऱ्यांना त्या हलवत नसतात.

यानंतर कविता मोठ्याने वाचा, आणि वाचताना कडव्यांमधल्या सांध्यांवर कान ठेवा. एका कडव्याची शेवटची आणि पुढच्याची पहिली ओळ लागून येतात, आणि तो सांधा आराखड्याच्या तपासणीत सुटतो. ‘घरात कोणी काही बोललं नाही’ नंतर ‘दिवा जवळ ओढून’ येतं, तेव्हा गप्प राहण्यातून हालचाल निघते. हा सांधा चालतो. तिथे शांततेनंतर पुन्हा शांततेचीच ओळ आली असती तर कविता जागेवरच थांबली असती.

पाचवं कडवं हवं असेल तर

आठवणीत तिसरा काळ असेल तरच कविता वाढवा, म्हणजे वरच्या उदाहरणात मशीन विकलं जाणं किंवा पुढच्या पिढीने ते वापरायला घेणं. नव्या दोन ओळी 9 आणि 10 लागतील. चौथं कडवं 7, 9, 8, 10 असं होईल आणि पाचवं 9, 3, 10, 1. पहिली तीन कडवी जशीच्या तशी राहतात. पण आता 3 आणि 1 यांच्या शेजारी 7 आणि 8 नसतील, म्हणजे कपडे ‘तिचे’ करण्याचं काम 9 वर येईल. 9 लिहिताना आधी हे पाहा. सात कडव्यांपलीकडे सहसा जाऊ नये. तेवढ्या चौदा ओळींत दोन अर्थ पेलणाऱ्या ओळी सापडणं कठीण होतं, आणि भरतीच्या ओळी दोनदा येत असल्याने लगेच उघड्या पडतात.

शीर्षक शेवटी द्या. पंतूममध्ये फक्त तेच एकदा येतं, म्हणून कवितेतली ओळ उचलून शीर्षकात ठेवली तर तिचं येणं तीनदा होतं आणि तोल जातो. ‘आई’ असं शीर्षक दिलं तर सातव्या ओळीने उघडायचं ते आधीच उघडं पडतं. या कवितेला ‘टीप’ हे शीर्षक चालेल. मशीनने मारलेली टीप, आणि नंतर आठवावं म्हणून कुणीतरी लिहून ठेवलेली टीप.